व्यसनाचा पहिला आग्रह

मुरबाडच्या एस. टी. स्थानकावर बाकावर बसलो असता शेजारच्या अनोळखी गृहस्थाने "जरा चुना आहे का?" असे विचारावे आणि आपल्यापाशी असल्यास आपण डबी पुढे करावी, यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. पाणी मागणाराला आपण जात, गाव, नाव विचारत नाही. तंबाखूचेही आपल्याकडे पुष्कळसे तसेच आहे. चंचीतून काढलेली तंबाखू तळहातावर मळून, दोन थापा मारून, ती प्रथम समोरच्यापुढे धरायची आणि मग स्वतः घ्यायची, ही शहापूर-मुरबाडकडची रीत आहे. पुढे केलेल्या हातातून चिमूट न उचलणे हे जेवायला वाढलेल्या पानावरून उठण्यासारखे मानले जाते. मोठ्या माणसांच्या जगातील या शिष्टाचाराकडे मी मुद्दाम प्रथम लक्ष वेधतो, कारण मुलांमधील व्यसनाचा प्रारंभ समजून घ्यावयाचा तर तो या तळहातापासूनच समजून घ्यावा लागतो.

"वाईट संगतीने मुले बिघडतात" असे आपण म्हणतो, तेव्हा आपल्या मनापुढे एक चित्र असते. कोणी दांडगट मुलगा दुसऱ्याला कोपऱ्यात गाठतो, त्याला भित्रा म्हणून हिणवतो आणि बळेच तोंडात काही कोंबतो. असे क्वचित घडतही असेल. परंतु नित्य घडते ते असे नव्हे. ज्याला इंग्रजीत दबाव म्हणतात त्याला आपल्याकडचा खरा शब्द आग्रह हा आहे. आग्रहात प्रेम असते, मान असतो, आपलेपणा असतो. आणि म्हणूनच दबावापेक्षा आग्रह मोडणे पुष्कळ कठीण जाते.

एक प्रसंग सांगतो. हा कोणा एका मुलाचा नव्हे, अनेकांच्या हकिकती एकत्र करून मी तो रचला आहे. तथापि त्यातील एकही तपशील न घडणारा नाही. डोळखांबच्या बाजूचा एका पाड्यावरचा मुलगा नववीत, वसतिगृहात राहतो. शनिवारी दुपारी कबड्डी झाल्यावर पाच मुले ओढ्याकडे हातपाय धुवायला जातात. त्यांच्यातला एक, बहुधा ज्याची पकड सर्वांत चांगली तो, पुडी काढतो आणि मळू लागतो. कोणी कोणाला "घे" म्हणत नाही. मळलेला हात फिरतो. पहिला चिमूट उचलतो, दुसरा उचलतो आणि हात आपल्या मुलापुढे येतो. तो हात तेथे तीन सेकंद थांबतो. मुलगा चिमूट उचलतो. काही क्षणांत त्याला घाम सुटतो, भोवळ येते, उचकी लागते, मळमळते. सगळे हसतात, पण ते हसणे कुत्सित नसते. "माझं पण पहिल्यांदा असंच झालं होतं," असे एकजण सांगतो, दुसरा पाणी आणून देतो. त्या अर्ध्या तासात आपला मुलगा कबड्डीच्या संघात जितका सामील झाला नव्हता तितका या पाचांत सामील होतो. पुढच्या शनिवारी भोवळ येत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याच्या मनात एक वेगळाच विचार येतो : आपण तीन वेळा दुसऱ्याची घेतली, आता एकदा आपणही पुडी आणली पाहिजे. पाळी आली. ज्या दिवशी तो टपरीवर स्वतःच्या पैशाने पहिली पुडी घेतो, त्या दिवशी व्यसनाचा कारखाना सुरू झाला असे मी मानतो. कारण आता तळहात फिरवणारा तोच झाला.

या हकिकतीत धमकी नाही, टोमणा नाही, फसवणूकही नाही. मग त्या तीन सेकंदांत घडले काय? त्यातील एक गोष्ट आपण पाहिलीच. पुढे केलेले दान नाकारणे हा देणाऱ्याचा अपमान होईल, ही समजूत मुलाने घरीच, ओसरीवर बसून, वडीलधाऱ्यांकडून उचललेली असते. त्याला तंबाखू नको असेल. परंतु "नको" म्हणण्याची सभ्य रीत त्याला कोणी शिकवलेली नाही. चहाला नाही कसे म्हणावे, उपवास आहे म्हणून ताट कसे परत करावे, हे त्याने पाहिले आहे. तंबाखूला हसतमुखाने नकार देणारा मनुष्य त्याने फारसा पाहिलेलाच नाही.

दुसरी गोष्ट मोजणीतील चुकीची आहे. त्या वयाच्या मुलांना विचारले की तुमच्या वर्गातील किती मुले तंबाखू खातात, तर उत्तर हटकून खऱ्यापेक्षा पुष्कळ मोठे येते. ही गोष्ट अनेक देशांतील पाहण्यांत आढळलेली आहे. याचे कारण साधे आहे. जो खातो तो दिसतो, त्याची चर्चा होते, त्याच्या गोष्टी वसतिगृहात रात्री रंगतात. जो खात नाही तो न खाताना कोणाला दिसत नाही. २०१९ साली भारतात १३ ते १५ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांची जी देशव्यापी पाहणी झाली, तीत कोणत्याही प्रकारची तंबाखू त्या काळात सेवन करणारी मुले शेकडा साडेआठ निघाली. म्हणजे पन्नासांच्या वर्गात चार. ही देशाची सरासरी आहे, प्रत्येक तालुक्याचा आकडा वेगळा असणार, आणि मुले पाहणीत सगळेच खरे सांगतात असेही नाही. आकडा दुप्पट धरला तरी पन्नासांत आठ-नऊच होतात. परंतु ओढ्याकाठच्या मुलाची समजूत अशी असते की, "सगळेच खातात, मीच काय तो राहिलो." गंमत अशी की त्या पाचांतील दुसरा मुलगाही कदाचित त्याच समजुतीने चिमूट उचलतो. मनातून कोणालाच नको असते आणि प्रत्येकाला वाटते की बाकीच्यांना हवे आहे. सभेत वक्त्याचे काहीच न समजलेले श्रोते एकमेकांकडे पाहून माना डोलावतात, त्यातलाच हा प्रकार. (आजच्या सभेबद्दल मी बोलत नाही.)

तिसरी गोष्ट वयाची. अमेरिकेतील गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोटार चालवण्याचा एक पडद्यावरचा खेळ. दिवा पिवळा झाला की थांबायचे, न थांबल्यास गुण अधिक मिळतात पण मोटार आदळण्याचा धोका. १३ ते १६ वर्षांची मुले, कॉलेजातील तरुण आणि चोविशीपुढील प्रौढ अशा तिन्ही गटांतील काहींना तो खेळ एकट्याने आणि काहींना दोन मित्र बाजूला असताना खेळायला दिला. एकट्याने खेळताना वयावयांत फारसा फरक पडला नाही. परंतु मित्र शेजारी उभे राहताच लहान मुलांचे धोके घेणे जवळजवळ दुप्पट झाले, तरुणांचे निम्म्याने वाढले आणि प्रौढांचे मुळीच बदलले नाही. पुढे मेंदूची छायाचित्रे घेऊन असेही दिसले की मित्र पाहत आहेत एवढ्या जाणिवेनेच या वयात मेंदूतील सुखाची अपेक्षा जागवणारा भाग अधिक चेतवला जातो. यातून आपण घेण्यासारखी गोष्ट ही की मुलाला धोका कळत नसतो असे नाही. वर्गात निबंध लिहायला सांगितला तर तंबाखूचे दुष्परिणाम तो दोन पाने लिहील. ज्ञान तेच असते. चार डोळे पाहू लागले की त्या ज्ञानाचे वजन कमी होते. म्हणून कर्करोगाची चित्रे दाखवून परतणारा व्याख्याता मुलांना जे माहीत आहे तेच पुन्हा सांगत असतो. अमेरिकेत पोलीस अधिकाऱ्यांनी शाळांत जाऊन व्यसनांविरुद्ध पाठ देण्याची एक प्रचंड योजना १९८० नंतर वर्षानुवर्षे चालली. तिचे मोजमाप पुन्हापुन्हा झाले आणि पाठ घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांच्या पुढील वागणुकीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

येथे संगतीबद्दलही एक दुरुस्ती केली पाहिजे. दोन मित्र सारखेच वागतात, हे खरे. पण एकाने दुसऱ्याला बिघडवले असाच त्याचा अर्थ होत नाही. पुष्कळदा आधीच सारखी असलेली मुले एकमेकांना शोधून काढतात. अभ्यासात मागे पडलेला, संघात न घेतला गेलेला, शिक्षकांनी ज्याचे नाव टाकले आहे असा मुलगा जेथे आपल्याला मान मिळेल त्या मंडळात जाऊन बसतो, आणि ते मंडळ बहुधा टपरीच्या मागे असते. अशा मुलाची "संगत तोडणे" म्हणजे त्याला उरलेला एकमेव मानही काढून घेणे होय. त्याऐवजी दुसरीकडे मान मिळण्याची सोय केली नाही तर तो आठवड्यात तेथेच परत जातो. आणखी एक चूक शाळांकडून सद्भावनेने होते. पकडलेली सगळी मुले एकत्र बसवून त्यांचा वेगळा वर्ग घेतला जातो. डिशन नावाच्या संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिले की धोक्याच्या वळणावर असलेल्या मुलांचे असे गट केल्यास त्यांच्यातील धूम्रपानादि वर्तन कमी न होता उलट वाढू शकते. कारण गटात सर्वांत रंगतदार कथा ज्याची, त्याला सर्वांत मोठे हसू मिळते.

आता या तीन सेकंदांत मुलाला वाचवते ते काय, याकडे वळू. सॉलोमन ॲश यांचा १९५० च्या सुमारास केलेला एक जुना प्रयोग येथे फार उपयोगी आहे. एका खोलीत सातआठ विद्यार्थी बसवायचे. समोर एक रेषा दाखवायची आणि शेजारच्या तीन रेषांपैकी तिच्याएवढी कोणती ते एकेकाने मोठ्याने सांगायचे. उत्तर इतके उघड की लहान पोरही चुकणार नाही. पण एक विद्यार्थी सोडून बाकीचे सगळे ॲश यांनी पढवलेले असत आणि ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. शेवटी पाळी येणारा बिचारा खरा विद्यार्थी अशा वेळी साधारण तीनांतून एकदा डोळ्यांना दिसणारे सोडून मंडळींचे उत्तर देई. नंतर ॲश यांनी एवढाच बदल केला की पढवलेल्यांपैकी एकाला खरे उत्तर द्यायला सांगितले. इतर सहा जण चुकीचेच बोलत. तरीही एक सोबती मिळताच चुकणे पूर्वीच्या चतुर्थांशावर आले. म्हणजे बहुमत मोडावे लागत नाही. एक माणूस पुरतो. याच प्रयोगात पुढे अशीही चाचणी झाली की तो सोबती मध्येच उलटून बहुमताला मिळाला तर काय होते, आणि काही निमित्ताने खोलीबाहेर निघून गेला तर काय होते. उलटला तर त्याचा सारा उपयोग संपला. पण नुसता निघून गेला, तर त्याने दिलेले बळ तो गेल्यावरही काही काळ टिकले.

ओढ्याकाठी हेच लावून पाहा. हात फिरत असता पहिल्या मुलाने चिमूट उचलली, पण दुसऱ्याने तळहातावर नुसते बोट टेकवून "मला नाही चालत रे" म्हणून हात पुढे सरकवला, तर तिसऱ्याचे काम नव्वद टक्के झाले. त्याला धैर्याची गरजच उरत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला शूर बनवण्याच्या उद्योगापेक्षा प्रत्येक टोळक्यात एक "दुसरा मुलगा" तयार करणे हे पुष्कळ सोपे आणि साध्य काम आहे.

हे काम प्रत्यक्षात कसे करतात? आपल्याच देशात दिल्ली व चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात सहावी व आठवीच्या मुलांपासून आरंभ करून एक योजना राबवली गेली. तिला मायत्री असे नाव होते. वर्गातील पाठ शिक्षकांनी सुरू करायचे, पण चर्चा, खेळ, नकाराचा सराव, भित्तिपत्रके हे सारे मुलांनीच निवडलेल्या बालनेत्यांनी चालवायचे. निम्म्या शाळांत योजना, निम्म्यांत नाही. दोन वर्षांनी मोजले, तेव्हा योजना नसलेल्या शाळांत तंबाखूचा वापर ६८ टक्क्यांनी वाढला होता आणि योजना असलेल्या शाळांत तो १७ टक्क्यांनी घटला होता. मूळ आकडे लहान होते हे लक्षात ठेवावे. तरीही वय वाढते तसा वापर वाढतच जातो, तो येथे घसरला, हे लहान काम नव्हे. इंग्लंड आणि वेल्समधील ५९ शाळांत असाच एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. त्याची खुबी निवडीत होती आणि ती आपल्या शाळांनी उचलण्यासारखी आहे.

समजा, शहापूर तालुक्यातील एका शाळेत आठवीच्या दोन तुकड्या मिळून साठ मुले आहेत. आपले शिक्षक प्रचलित पद्धतीने दहा प्रतिनिधी निवडतील, ते कोण असतील हे आपण सर्वजण जाणतो : पहिल्या बाकावरचे, वही स्वच्छ ठेवणारे, ज्यांना ओढ्यावर कोणी बोलावतच नाही असे. त्या प्रयोगात शिक्षकांना निवडू दिले नाही. प्रत्येक मुलाला कोरा कागद देऊन गुप्तपणे विचारले : तुम्ही कोणाला मानता? खेळात वा इतर कामांत पुढारी कोण? कोणासारखे व्हावेसे वाटते? ज्यांची नावे सर्वांत जास्त आली, अशी वर्गातील साधारण सहा मुलांत एक या प्रमाणात मुले निवडली. म्हणजे आपल्या साठांत दहा. यात दंगेखोर येतात, मागच्या बाकावरचे येतात, एखादा आधीच तंबाखू खाणाराही येतो. शिक्षक कपाळाला हात लावतात, पण यादी बदलू नये. या मुलांना शाळेबाहेर दोन दिवस नेऊन तयार करतात. त्यांनी भाषणे द्यायची नसतात. पुढचे दहा आठवडे बसमध्ये, जेवणाच्या रांगेत, क्रीडांगणावर जमेल तेव्हा मित्रांशी सहज बोलायचे, एवढेच काम. परिणाम असा की त्या शाळांत मुले धूम्रपान करू लागण्याची शक्यता इतर शाळांपेक्षा पाचांत एक इतकी कमी राहिली. चमत्कार नाही, पण व्याख्यानांना जे कधी साधले नाही ते साधले. आमच्याकडे कबड्डीचा कप्तान या दहांत असेल तर निम्मे काम तेथेच झाले असे मला वाटते.

सरावाचे वाक्य लहान असावे आणि त्यात उपदेश नसावा. "तंबाखू वाईट असते" असे मित्राला सांगणे म्हणजे त्याच्यावर न्यायाधीश होऊन बसणे; तेथे भांडण ओढवते. "मला नाही चालत", "उद्या मॅच आहे, श्वास पुरत नाही", "बाबा तोंडाचा वास घेतात", यांपैकी जे ज्याला शोभेल ते. शेवटचे वाक्य तर मुलाला आपण आईबापांनी भेट म्हणून द्यावे. घरात स्पष्ट नियम आहे आणि तो मोडल्यास बाबांना कळेल, असे मित्रांसमोर सांगता येणे ही मुलाची अडचण नव्हे, ती त्याची ढाल आहे. दोष बापावर ढकलून त्याला मैत्री राखता येते. आणि नियम घालून मग मुलगा सायंकाळी कोठे, कोणाबरोबर असतो याची सहज, पोलिसी न वाटणारी विचारपूस ठेवणे, हे अनेक देशांतील अभ्यासांत पुन्हापुन्हा खरे ठरलेले संरक्षण आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी आईबापांना हे कसे शक्य व्हावे, हा प्रश्न मात्र खरा आहे. तेथे आश्रमशाळेच्या अधीक्षकाला आणि वसतिगृहातील मोठ्या मुलांनाच आईबाप व्हावे लागते.

दारूची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे पहिला आग्रह पुष्कळदा समवयस्काचा नसून मामाचा किंवा काकाचा असतो. आपल्याकडच्या हळदीच्या रात्री, म्हशाच्या यात्रेला बैलबाजारात जनावर विकून झाल्यावर, किंवा धुळवडीला, पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती ग्लास देऊन "आता मोठा झालास" असे म्हटले जाते. मोहाची असो की दुकानातली, समजूत अशी की घरच्यांसमोर घेतली तर बाहेर घेणार नाही. ही समजूत तपासून पाहिली गेली आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे १,९०० मुलांचा सहा वर्षे मागोवा घेऊन २०१८ साली जे प्रसिद्ध झाले, त्यात आईबापांनी दारू दिल्याने मुलांचे कसलेही रक्षण होत नाही, उलट ज्यांना घरी मिळते त्यांना पुढे बाहेरूनही मिळू लागण्याची शक्यता वाढते, असे दिसले. कायद्याचे म्हणाल तर २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या ७७ व्या कलमाने अठरा वर्षांखालील मुलास दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात मामाला सूट नाही.

व्हेप म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट. तिचा आमच्या भागातील मार्ग रेल्वेने येतो. आसनगाव, खर्डी, कसाऱ्याहून जी मुले कॉलेजसाठी कल्याणकडे जातात, त्यांना ती प्रथम तिकडे दिसते. २०१९ च्या कायद्याने तिचे उत्पादन, विक्री, आयात, साठा व जाहिरात यांना देशात बंदी आहे; वस्तू तरीही चोरून मिळते. तिची युक्ती अशी की तिला धुराचा वास नाही, आंबा-पुदिन्याचा वास आहे. राख नाही, थोटूक नाही. पेनासारखी खिशात बसते. "यात तंबाखू नाही, नुसती वाफ आहे," हे तिचे आग्रहाचे वाक्य. तंबाखूचे पान तिच्यात नाही हे खरे; पण पानातील जे द्रव्य सवय लावते ते निकोटिन तिच्यात बहुधा असते, आणि कोवळ्या वयात निकोटिनची ओढ रोजची सवय होण्यापूर्वीच लागू शकते. तळहाताऐवजी येथे नळी फिरते, एवढाच फरक. एकाची उपकरण, बाकीच्यांना एकेक झुरका, आणि पुढे पाळी.

घरच्यांनी ओळखावे कसे? लाल डोळे वगैरे खुणा फार उशिराच्या असतात. आधी बदलते ते वेळापत्रक : मधल्या सुटीत डबा लवकर संपतो, सायंकाळी परतताना नेहमीचा रस्ता सुटतो, दहा-वीस रुपयांचा हिशेब लागत नाही. गोड सुपारीच्या पुडीकडे तर आपण निरुपद्रवी म्हणून पाहतो. पुष्कळ लहान मुलांचा प्रारंभ तीतूनच होतो. वर सांगितलेल्या २०१९ च्या पाहणीत खाण्याची तंबाखू वापरणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाच्या आत सुरू केली होती. म्हणून नववीत व्याख्यान ठेवणे हे पीक गेल्यावर कुंपण घालण्यासारखे आहे. चौथी-पाचवीपासून आरंभ हवा. सुपारीने तोंडाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड पुरते उघडेनासे होते. मुलाला स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगावे. तीन बोटे जात नसतील, किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर दातांच्या डॉक्टरकडे त्याच आठवड्यात न्यावे.

गावाने करायच्या गोष्टीही आहेत, त्या थोडक्यात सांगतो. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला कोठेच विकता येत नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्याला व २०२० पासून सुट्या विडी-सिगारेटला बंदी आहे. सुटीवरच्या बंदीचे मर्म मुलांच्या खिशात आहे. पूर्ण पाकीट मुलाला परवडत नाही, एक नग परवडतो. शाळा समितीच्या चार पालकांनी मोजपट्टी घेऊन फाटकापासून टपरीपर्यंतचे अंतर मोजावे. टपरीवाला बहुधा गावातलाच, ओळखीचा असतो, आणि मोजलेल्या आकड्यासमोर तो वाद घालत नाही.

आणि एक अवघड गोष्ट राहिली. कित्येक घरांत आजी आणि आई सकाळी मिशरी लावतात. मुलाला "तू घेऊ नकोस" म्हणणारे बोटच मिशरीने काळे असते. अशा घरातील आईला गप्प राहावेसे वाटते. तिने गप्प राहू नये. मला सुटत नाही, म्हणून तुला सांगते, हे तिचे बोलणे शाळेतल्या कोणत्याही चित्रापेक्षा मुलाला अधिक पटते; फक्त मिशरीची डबी आणायला त्याला दुकानात पाठवू नये. सोडायची इच्छा असलेल्या कोणालाही, आईला वा मुलाला, १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर सल्ला मिळतो, आणि तो क्रमांक तंबाखूच्या पुडीवरच छापलेला असतो.